बागेने पैसे काढले, पण कोणत्या सालचे?



मागच्या आठवड्यात कापूस विकला. काटा झाला, पट्टी हातात आली, अन् खरेदीवाल्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "चुकारा आज पाहिजे का पंधरा दिवसांनं?" आज पाहिजे असेल तर शेकडा एक रुपया कटती. लाखाचा माल होता, म्हणजे हजार रुपये गेले. वेचाईवाल्या बायांचे पैसे बाकी होते, हरभऱ्याची फवारणी डोक्यावर होती, म्हणून मी मुकाट्याने आजचे घेतले. तुम्हीपण असेच घेत असाल.

घरी येताना हिशेब डोक्यात फिरत राहिला. पंधरा दिवस आधी पैसे पाहिजे तर एक टक्का. वर्षात असे चोवीस पंधरवडे. म्हणजे मी वर्षाला चोवीस टक्के व्याजाने स्वतःचेच पैसे उचलले. त्या माणसाला पक्कं माहीत आहे की आजचा रुपया आणि पंधरा दिवसांनंतरचा रुपया सारखा नसतो. मलाही ते माहीत आहे, म्हणून तर कटती देऊन आलो. मग बाग लावताना, विहीर खोदताना, संच घेताना आपण हे कसं विसरतो? तिथे तर पंधरा दिवसांचा नाही, पंधरा वर्षांचा मामला असतो.

आजची नोंद त्याच्यावर आहे. थोडी लांब आहे, पण वही-पेन घेऊन बसा.

2011 ची बाग

माझं वावर अचलपूर तालुक्यात. 2011 च्या पावसाळ्यात एक एकर संत्रा लावला. सहा बाय सहा मीटरवर, एकशे दहा कलमं. खड्डे, कलमं, ठिबक, विहिरीतला गाळ काढणं आणि डुकरांसाठी तारेचं कुंपण, असा सगळा खर्च नव्वद हजार झाला. पैसा बँकेच्या मुदत कर्जाचा, व्याज बारा टक्के.

खर्चाची वही मी ठेवतो. पण बागेचा हिशेब करताना एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. त्या एकरात आधी पऱ्हाटी अन् तूर होती, त्यातून खर्च जाऊन वीसेक हजार उरायचे. बाग लावली की ते बंद. म्हणून बागेच्या उत्पन्नातून ते वीस हजार वजा करूनच "बागेमुळे काय जास्त आलं" हे लिहायचं. पहिली काही वर्षं ओळींमधल्या जागेत सोयाबीन, मूग घेतला, तेही धरलं. अशी वजाबाकी करून, रकमा गोल करून, हिशेब असा निघाला:

2011 : 90,000 गेले
2012 : 20,000 गेले
2013 : 20,000 गेले
2014 : 25,000 गेले
2015 : 30,000 गेले
2016 : 10,000 आले (पहिला थोडासा बहार)
2017 : 40,000 आले
2018 पासून पुढे : वर्षाला सरासरी 60,000 आले

बाजार वरखाली झाला, एका वर्षी गारपिटीने निम्मा माल गेला, पण सरासरी हीच.

आता साधा हिशेब पाहा. 2015 पर्यंत मी 1,85,000 रुपये लावले. 2016 पासून येत गेलेले मिळवत जा: 10, 50, 110, 170 हजार. 2019 संपताना 15,000 बाकी होते, ते 2020 च्या आंबिया बहारात निघाले. म्हणजे लावलेले पैसे वापस यायला सव्वाआठ वर्षं लागली. यालाच पेबॅक म्हणतात. आपल्या भाषेत, "बागेने पैसे काढले". त्या वर्षी मी गावात सांगत फिरलो की आता इथून पुढे सगळा नफाच.

तीन वर्षांनी बाग काढावी लागली. जमीन भारी काळी, पावसाळ्यात बुंध्याशी पाणी थांबायचं. डिंक्या लागला, बुंध्याची साल फाटून डिंक वाहायला लागला, शेंडे वाळत गेले. बोर्डो पेस्ट लावली, पण उशिरा. 2023 च्या बहारानंतर मशीन लावून झाडं उपटली.

तरी माझं समाधान होतं. बारा वर्षांत 1,85,000 गेले, 4,10,000 आले. सव्वादोन लाख वरचे.

पोरीने केलेला हिशेब

माझी पोरगी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकली. ती सुटीत आली होती. वही पाहिली अन् म्हणाली, "बाबा, तुम्ही 2011 चा रुपया अन् 2023 चा रुपया एकाच रकान्यात कसे मिळवले? क्विंटल अन् किलो असे मिळवता का?"

मला राग आला, पण ती म्हणते ते बरोबर होतं. क्विंटल आणि किलो मिळवायचे तर आधी एका मापात आणावे लागतात. रुपयाचंही तसंच. सगळे रुपये एकाच सालात आणायचे, मग मिळवायचे.

आणायचे कसे? व्याज उलटं फिरवायचं. बारा टक्क्यांनी आजचे 100 रुपये वर्षाने 112 होतात. म्हणजे वर्षाने मिळणारे 112 हे आजचे 100. म्हणून एक वर्ष मागे यायचं तर 1.12 ने भागायचं, दोन वर्षं यायचं तर दोनदा भागायचं, सात वर्षं यायचं तर सातदा. जुने सावकार हुंडीवर बट्टा कापायचे, कापूसवाला कटती कापतो, हे तेच आहे.

2018 चे माझे 60,000 घ्या. ते 2011 पासून सात वर्षं लांब. सातदा 1.12 ने भागले की राहतात 27,100. आणि 2023 चे 60,000? बारा वर्षं लांब, म्हणून राहतात फक्त 15,400. वहीत दोन्हीकडे साठच लिहिलेले. पण कर्जाच्या नजरेने पाहिलं तर एक दुसऱ्यापेक्षा बराच हलका.

तिने सगळ्या ओळी अशा 2011 मध्ये आणल्या. लावलेले झाले 1,60,700. आलेले झाले 1,50,900. म्हणजे पावणेदहा हजार कमी! याला निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात, ती एनपीव्ही म्हणते. ते शून्याच्या खाली आलं. अर्थ एवढाच की बागेने माझे पैसे परत केले, कर्जाचं बहुतेक व्याजही काढून दिलं, पण पूर्ण नाही. त्या एकरात पऱ्हाटीच ठेवली असती तर 2011 च्या भावाने मी दहा हजाराने बरा राहिलो असतो. बारा वर्षांची राखण, उन्हाळ्यात पाण्यासाठी केलेली मरमर, ती वेगळी.

मी विचारलं, "मंग पैसे खरंच केव्हा निघाले असते?" तिने पुढची वर्षं मांडली. व्याज धरून पाहिलं तर पैसे नवव्या नाही, तेराव्या वर्षी निघत होते. बाग बाराव्या वर्षी गेली. पंधरा वर्षं जगली असती तर 27,000 वर राहिले असते. म्हणजे माझा नफा त्या शेवटच्या तीन वर्षांत होता, अन् तीच मी डिंक्याला दिली. उंच डोळा भरलेली कलमं, गादीवाफ्यावर लागवड आणि पाणी निघायला चर, एवढं पहिल्याच वर्षी केलं असतं तर कदाचित ती वर्षं मिळाली असती. हिशेबाने मला डिंक्याची किंमत समजली.

साडभाऊचा फोन

ही गोष्ट जुनी झाली असती, पण मागच्या उन्हाळ्यात साडभाऊचा फोन आला. त्याचं वावर अकोला जिल्ह्यात, बार्शीटाकळी तालुक्यात.

"भाऊ, मीबी एक एकर संत्रा लावून टाकतो. कलमांचा इसार देऊन आलो, दोन हजार."

"पैसे कुठून आणले?"

"घेतले एका जवळून लाखभर. शेकडा दोन रुपये महिना."

"अन् बाग पैसे केव्हा काढते म्हणते?"

"तुमीच तं सांगतलं होतं, नवव्या सालात."

मला खरंच घाम फुटला. मीच सांगितलं होतं. शेकडा दोन महिना म्हणजे वर्षाला चोवीस. मी म्हटलं, "इसार गेला तं जाऊ दे. रविवारी वही घेऊन ये."

तो आला. आम्ही माझ्याच बागेचे आकडे घेतले, आणि चांगलं धरून चालायचं म्हणून बाग पूर्ण पंधरा वर्षं जगली असं धरलं. मग तीच बाग तीन दरांनी मांडली.

ज्याचा स्वतःचा पैसा बँकेत ठेव म्हणून पडला आहे आणि सात टक्के मिळवतो, त्याला या बागेतून आजच्या रुपयात 1,25,000 वर राहतात. ज्याने बारा टक्क्यांचं कर्ज काढलं, त्याला 27,000. अन् ज्याने चोवीस टक्क्यांनी उचलले, त्याला 72,000 चा खड्डा. झाडं तीच, जमीन तीच, भाव तेच. साध्या पेबॅकने तिघांनाही एकच उत्तर दिलं असतं, "सव्वाआठ वर्षं". कारण पेबॅकला व्याज दिसतच नाही. या बागेचा काठ साधारण चौदा टक्क्यांवर आहे. तुमचा पैसा त्याहून महाग असेल तर ही बाग तुमची नाही.

साडभाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण भाऊ, महागाई? पंधरा सालानं संत्र्याचा भाव हाच राह्यन का?"

प्रश्न चांगला आहे, आणि इथे पुष्कळ जण चुकतात. आम्ही पुढच्या सगळ्या वर्षांना आजचाच भाव धरला होता. असं केलं तर व्याजातूनही महागाई कमी करावी लागते. नाहीतर भाव आणि खर्च दोन्ही दरवर्षी वाढवून लिहायचे आणि व्याज पूर्ण ठेवायचं. एकीकडे वाढवायचं अन् दुसरीकडे विसरायचं, असं चालत नाही. आम्ही पाच टक्के महागाई धरून चोवीसातून वजा केली, तरी एकोणीस उरले. काठ चौदाचा. बाग बुडतच होती.

मग तुषार संच?

त्याचा दुसरा विचार होता तुषार संच, मोटर अन् पाइपलाइन. खर्च एक लाख. तीन एकर हरभरा तो कोरडवाहू घेतो, एकरी चार क्विंटल. दोन संरक्षित पाणी दिले तर सात होतील असं धरलं. म्हणजे नऊ क्विंटल जास्त, पाच हजाराने पंचेचाळीस हजार, त्यातून वीज-मजुरी अन् वाढीव खर्च दहा हजार गेले. वर्षाला 35,000 जास्त. संच धड चालेल पाच वर्षं.

याचा पेबॅक तीन वर्षांच्या आतच येतो. वर्तमान मूल्य बारा टक्क्यांनी 26,000 वर, सात टक्क्यांनी 43,500 वर, चोवीस टक्क्यांनी चार हजार तोट्यात.

बारा टक्क्यांवर बाग 27,000 अन् संच 26,000, बरोबरीचे वाटतात. पण बाग पंधरा वर्षं जमीन अडवते, संच पाचच. बरोबरी करायची तर पंधरा वर्षांत तीन संच मांडावे लागतात. तसं मांडलं तर बारा टक्क्यांवर संचाचे 49,000 होतात, बाग मागे पडते. सात टक्क्यांवर संचाचे 97,000 आणि बागेचे 1,25,000, तिथे बाग पुढे. पैसा स्वस्त असेल तर उशिरा येणारं मोठं फळ परवडते. पैसा महाग असेल तर लवकर येणारं लहान फळ बरं.

अन् चोवीसवर? दोन्ही नाही. साडभाऊने हातच टेकले, "मंग मी करू का?"

पोरगी आतून बोलली, "मावसाजी, तुमच्याजवळ चोवीस टक्के देणारी एक गोष्ट हाय. त्या माणसाचे पैसे वापस करा."

आधी आम्हाला गंमत वाटली. पण विचार करा. चोवीस टक्क्यांचं एक लाखाचं कर्ज फेडलं की वर्षाला चोवीस हजार वाचले. त्याला डुक्कर खात नाही, गारपीट लागत नाही, डिंक्या लागत नाही. आमच्या दोन्ही कागदांवर यापेक्षा चांगलं काहीच नव्हतं.

कलमांचे दोन हजार बुडले, त्याचं त्याला फार वाईट वाटत होतं. "इसार देल्ला हाय तं लावूनच टाकतो," असं तो दोनदा म्हणाला. पण ते दोन हजार लावलं तरी गेलेच, नाही लावलं तरी गेलेच. पुढच्या हिशेबात त्यांना जागा नाही. लाख रुपये त्याने लगेच परत नेऊन दिले, एका महिन्याचं व्याज लागलं. यंदा बँकेतून बारा टक्क्यांनी संच घेतला. हरभऱ्याला पहिलं पाणी देऊन झालं.

स्वतः करून पाहायचं असेल तर

मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये होते. B2 मध्ये सुरुवातीचा खर्च वजा चिन्ह लावून लिहा, B3 पासून B17 पर्यंत पंधरा वर्षांची आवक-जावक. मग कुठल्याही रिकाम्या घरात:

```
=NPV(0.12, B3:B17) + B2
```

B2 कंसाच्या बाहेर ठेवा. हे सूत्र कंसातल्या पहिल्या आकड्यालाही एक वर्षाचा बट्टा लावते. सुरुवातीचा खर्च आत टाकला तर सगळंच एक वर्ष मागे सरकते अन् उत्तर चुकते. मी पहिल्यांदा हेच केलं होतं. 0.12 च्या जागी तुमचा दर टाका.

दर कोणता धरायचा? हा पैसा तुम्हाला ज्या भावाने पडतो तो. पीक कर्जाचा सवलतीचा दर बागेला लावू नका, ते कर्ज हंगामाचं आहे, दरवर्षी फेडायचं आहे. बाग पाच वर्षं काही देत नाही. आणि बागेचं वय एकदा पंधरा धरून आणि एकदा बारा धरून, दोन्ही मांडा. बारावर पण तग धरत असेल तर पुढे जा.

आता मग पेबॅक फेकून द्यायचा का? नाही. एनपीव्ही सांगते की शेवटी फायदा आहे का. पाणी गळ्याशी केव्हा येईल हे ती सांगत नाही. माझ्या बागेत चौथ्या वर्षी 1,85,000 रुपये मातीत होते आणि एक संत्रं विकलं नव्हतं. त्याच वर्षी घरात लग्न निघालं असतं, कोणी आजारी पडलं असतं, तर कागदावरचा नफा कामाचा नव्हता. म्हणून दोन्ही पाहायचे. एनपीव्ही शून्याच्या वर आहे का ते आधी, अन् तोवर घर कशावर चालेल ते लगेच त्याच्या मागे.

माझ्या त्या एकरात सध्या तूर उभी आहे. खालच्या अंगाने चर खोदून ठेवले आहेत. संत्रा पुन्हा लावायचा विचार आहे, यावेळी गादीवाफ्यावर, अन् अर्धा पैसा घरचा झाल्यावर. तेवढा जमायला अजून दोन हंगाम लागतील असं वही सांगते.

तुमच्या बागेचे आकडे असतील तर सालवार लिहून पाठवा. कोणत्या वर्षी किती गेले, किती आले, एवढंच. आपण बसून मांडू.